‘शेखर म्हणाला, की मी उद्या इथे येणार नाही’: यातला ‘मी’ नक्की कोण?

अक्षरवेल

नमस्कार. एका कथेतल्या दोन ओळींवर आठवडाभर अडले आहे, म्हणून धागा काढते.

कथा बहीण सांगते, ‘मी’ वापरून. मोठा भाऊ शेखर परगावी असतो, बहीणही लग्नानंतर वेगळी राहते. घराच्या कागदांवर सह्या करायला आज सगळ्यांनी आईवडिलांकडे जमायचं ठरलंय. बहीण येऊन पोचली आहे आणि तिथे बसूनच सांगते आहे:

> काल रात्री शेखरने आईला फोन केला. तो म्हणाला, की मी उद्या इथे येणार नाही, तसं बाबांना सांग.

कच्चा खर्डा दोघांना वाचायला दिला. एकाला बरोबर कळलं, की शेखर येणार नाहीये. दुसरीने मात्र असं वाचलं, की बहीण येणार नाही असं शेखरने परस्पर आईला सांगून टाकलं, आणि तरीही बहीण आली. त्यापुढची चार पानं तिने ‘भावाने बहिणीला डावललं’ याच समजुतीत वाचली. मला हे फार लागलं, कारण कथेतला शेखर डावलणारा नाही, तो घाबरून पळ काढणारा आहे.

चूक माझी की वाचकाची, हे मला विचारायचं नाही. वाक्यात नेमकं काय घडतंय ते समजून घ्यायचंय.

शुद्धलेखक

‘की’ आलं म्हणजे अवतरण संपलं. तिथून पुढे बोलणारा निवेदक असतो, त्यामुळे सगळे शब्द निवेदकाच्या जागेवरून बदलले पाहिजेत. आम्हाला शाळेत हेच शिकवलं आणि पुढे मीही तेच शिकवलं. ‘मी’चा ‘तो’ करा, ‘उद्या’चा ‘दुसऱ्या दिवशी’ करा, ‘आहे’चा ‘होता’ करा.

तो म्हणाला, की तो दुसऱ्या दिवशी तिथे येणार नव्हता.

मूळ शब्द जसेच्या तसे ठेवायचे असतील तर ‘की’ काढून अवतरणचिन्हं घाला. ही सरमिसळच गोंधळाचं मूळ आहे.

निळी_शाई

शुद्धलेखक, अवतरणचिन्हांबद्दल सहमत, पण तुमचं बदललेलं वाक्य मोठ्याने वाचून पाहा. पहिला ‘तो’ शेखर. दुसरा ‘तो’ कोण? शेखर असेल, किंवा कथेतला आणखी कुणी पुरुष असेल. माझ्या कानाला तर आधी दुसराच कुणी वाटतो.

आणि ‘येणार नव्हता’मुळे अर्थच पालटतो. ‘येणार नव्हता’ म्हटलं की आधीपासून त्याचा यायचा बेत नव्हता, असं वाटतं. शेखरने तर काल रात्री बेत मोडला. ‘तो म्हणाला’ भूतकाळात आहे म्हणून आतलं क्रियापदही मागे ढकलायचं, हा इंग्रजीचा नियम आहे. मराठीत ‘तो म्हणाला, मला बरं नाही’ हेच सरळ वाक्य आहे. ‘त्याला बरं नव्हतं’ असं केलं की ती निवेदकाने दिलेली माहिती होते.

वाटाड्या

दुसऱ्याचा निरोप सांगताना जागेचे शब्द घोटाळा करतात, याचा मला चांगलाच अनुभव आहे. मित्राने माझ्या भावाला फोनवर सांगितलं, ‘पुलाच्या अलीकडे थांबतो.’ भावाने मला निरोप दिला, ‘तो म्हणाला, की पुलाच्या अलीकडे थांबतो.’ मी माझ्या बाजूला पुलाच्या अलीकडे अर्धा तास उभा. मित्र त्याच्या बाजूला अलीकडे अर्धा तास उभा. मधे पूल!

म्हणून माझं म्हणणं, की डावं-उजवं, अलीकडे-पलीकडे टाळावं आणि ठळक खूण सांगावी. कथेतही ‘इथे’ऐवजी ‘आईबाबांच्या घरी’ लिहून टाका.

अक्षरवेल

वाटाड्या, ‘मी’ कोण हा माझा प्रश्न तसाच राहतो, पण तुमचा पूल फार कामाचा आहे. भावाने मित्राचा शब्द न बदलता पुढे दिला आणि तुम्ही तो आपल्या जागेवरून ऐकलात. माझ्या वाचकाचंही तेच झालं असावं.

पाणवठा

भाषाविज्ञान शिकवतो, त्यात हाच विषय वारंवार येतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

‘मी’, ‘तू’, ‘इथे’, ‘उद्या’, ‘ये’ या शब्दांना स्वतःचा ठरलेला पत्ता नसतो. कोण बोलतंय, कुणाशी, कुठे आणि केव्हा, हे कळलं तरच ते कशाकडे बोट दाखवतात ते कळतं. कार्ल ब्यूलर या मानसशास्त्रज्ञाने १९३४ साली या उभं राहण्याच्या जागेला ‘ओरिगो’ म्हटलं. आपण ‘खुंटा’ म्हणू. एरवी वाक्याला एकच खुंटा असतो, बोलणाऱ्याचा. दुसऱ्याचं बोलणं सांगायला लागलो की दोन होतात. इथे एक शेखरचा, काल रात्रीचा, परगावातला. दुसरा बहिणीचा, आजचा, आईवडिलांच्या घरातला.

शुद्धलेखक म्हणतात तसं ‘की’नंतर सगळं निवेदकाच्या खुंट्याला बांधायचं, हे मराठीला लागू नाही. मराठीतला ‘की’ दोन्ही खुंटे मोकळे ठेवतो. ‘तो म्हणाला, की मी येणार नाही’ यात ‘मी’ शेखर असू शकतो आणि निवेदकही. दोन्ही वाचनं मराठीच आहेत, म्हणजे तुमच्या दुसऱ्या वाचकाने भाषेबाहेरचं काही केलेलं नाही.

पण याला एक मर्यादा आहे. ‘मी’ आणि ‘तू’ सहसा एकत्र सरकतात. ‘शेखर सुमनला म्हणाला, की मी तुला भेटतो’ यात ‘मी’ शेखर धरला तर ‘तू’ सुमनच. ‘मी’ म्हणजे शेखर आणि ‘तू’ म्हणजे आत्ता हे वाक्य ऐकणारा, अशी खिचडी कान स्वीकारत नाही. आता तुमच्या वाक्याचं शेपूट बघा: ‘तसं बाबांना सांग’. हे ‘सांग’ कुणाला आहे? आईला. म्हणजे ऐकणारी शेखरच्या खुंट्यावरून मोजली गेली आहे. मग ‘मी’सुद्धा त्याच खुंट्यावरचा, म्हणजे शेखरच. पूर्ण वाक्यात दुसरं वाचन टिकत नाही.

अडचण क्रमाची आहे. ‘मी’ आधी येतो आणि पुरावा शेवटी. वाचकाने ‘मी’पाशीच कौल दिला, कारण कथा सुरू झाल्यापासून ‘मी’ म्हणजे बहीण हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मधल्या ‘इथे’ने त्यात भर घातली. एकदा कौल दिल्यावर ‘सांग’ तिच्या नजरेतून निसटला.

तळटीप

पाणवठा, ‘की’ दोन्ही बाजूंना मोकळा हे मान्य. पण ‘असं’ लावलं तर प्रश्नच उरत नाही ना? ‘मी उद्या येणार नाही, असं शेखर म्हणाला.’ यात आधी उद्गार आणि मग बोलणारा. मला तर इथे ‘मी’ फक्त शेखर वाटतो.

निळी_शाई

तळटीप, हे वाक्य घ्या: ‘मी नापास झाले, असं शेखरने सगळ्यांना सांगितलं.’ आता ‘मी’ कोण?

तळटीप

निवेदक. हो, खरंच. ‘झाले’मुळे शेखर असूच शकत नाही. ‘झालो’ असतं तर शेखर वाटला असता, किंवा पुरुष निवेदक. म्हणजे ‘असं’सुद्धा दार बंद करत नाही. तरी ‘म्हणाला’बरोबर कल शेखरकडे जातो आणि ‘सगळ्यांना सांगितलं’बरोबर निवेदकाकडे, असं मला अजूनही वाटतं.

पाणवठा

कलाबद्दल तुमचं निरीक्षण मला पटतं. ‘म्हणणं’ तोंडचे शब्द पुढे आणतं आणि ‘सांगणं’ बातमी पुढे आणतं. पण हा कल आहे, नियम म्हणून मी त्यावर विसंबणार नाही.

‘झाले/झालो’ मात्र सोनं आहे. मराठीत प्रथमपुरुषातही क्रियापद लिंग दाखवतं: येतो-येते, गेलो-गेले. त्यामुळे निवेदक बाई आणि ज्याचं बोलणं सांगायचं तो पुरुष असेल, तर क्रियापदच ‘मी’चा पत्ता देतं. अक्षरवेल, तुमचं दुर्दैव असं, की ‘येणार नाही’ हे रूप दोघांनाही सारखंच. ‘मी उद्याचं येणं रद्द करतोय’ लिहिलं असतं तर कुणीच चुकलं नसतं. निवेदक धाकटा भाऊ असता, तर मात्र हा उपाय चालला नसता.

दार खरंच बंद करायचं तर ‘ल्याचं’ लावून पाहा:

मी उद्या येणार नसल्याचं शेखरने आईला सांगितलं.

इथे ‘मी’ निवेदकच. शेखरचा ‘मी’ या रचनेत शिरू शकत नाही. तेच तीन शब्द, ‘मी’, ‘उद्या’, ‘येणार’, पण ‘की’ जाऊन ‘नसल्याचं’ आलं आणि शेखर वाक्यातल्या ‘मी’ला मुकला.

रेवा_दुभाषी

मी रुग्णालयांत दुभाषाचं काम करते. आमच्या कामात हा प्रश्न रोज जिवंत असतो, म्हणून लिहिते.

आम्हाला शिकवतात, की रुग्ण ‘माझ्या छातीत दुखतं’ म्हणाला तर तुम्हीही ‘माझ्या छातीत दुखतं’च म्हणायचं. ‘तो म्हणतोय, की त्याच्या छातीत दुखतं’ असं करायचं नाही. कारण ‘त्याच्या’ म्हटलं की डॉक्टर माझ्याशी बोलायला लागतात, ‘त्याला विचारा, कधीपासून’, आणि रुग्ण खोलीत असून नसल्यासारखा होतो.

पण एकदा रुग्णाची बहीण त्याच्या वतीने बोलत होती. ती म्हणाली, ‘तो म्हणतो, की मी गोळी घेतली.’ मी जसंच्या तसं ‘मी’ ठेवलं. नवीन डॉक्टरांनी गोळी बहिणीने घेतली असं लिहून घेतलं. मला लगेच लक्षात आलं म्हणून दुरुस्त झालं. एका खोलीत तेव्हा तीन ‘मी’ होते: रुग्णाचा, बहिणीचा आणि माझ्या तोंडून येणारा. तेव्हापासून आत दुसऱ्याचं बोलणं असलं, की मी नाव घेते: ‘भाऊ म्हणतो, की त्याने गोळी घेतली.’ नियम मोडतो, पण औषधाच्या बाबतीत मला दुसरा मार्ग दिसत नाही.

पाणवठा, बहिणीचं ते वाक्य मराठीतलंच होतं. इतर भाषांतही असं चालतं का?

पाणवठा

रेवा, तुमचा निर्णय मला योग्य वाटतो.

इतर भाषांबद्दल: इंग्रजीत ‘की’सारख्या जोडशब्दानंतरचा ‘मी’ निवेदकच असतो, आणि बराच काळ तत्त्वज्ञांना ती सगळ्याच भाषांची गोष्ट वाटली. डेव्हिड कॅपलन यांनी १९७७ साली लिहिलेल्या आणि १९८९ साली छापलेल्या निबंधात ‘मी’चा खुंटा हलवणाऱ्या रचनेला ‘राक्षस’ असं नाव दिलं आणि इंग्रजीत असा राक्षस नाही असं सांगितलं. पुढे फिलिप श्लेंकर यांनी २००३ साली अम्हारिक भाषेचा दाखला दिला. तिथे ‘जॉन म्हणतो, मी शूर आहे’ अशा वाक्यात ‘मी’ जॉन असू शकतो आणि ते निव्वळ अवतरणही नसतं. ‘मी-तू एकत्र सरकतात’ हे निरीक्षण झाझाकी भाषेवरच्या अभ्यासातून पुढे आलं. मराठी या शेजारात बसते.

तळटीप

मग सरळ असं का म्हणू नये, की मराठीत अप्रत्यक्ष कथन नाहीच? ‘की’ म्हणजे न लिहिलेली अवतरणचिन्हं, एवढंच. ‘ल्याचं’ ही वेगळी, कागदी रचना.

शुद्धलेखक

तळटीप, इथे मी अडवतो. ‘की’नंतर सगळं बदलतंच हा माझा आग्रह वरच्या उदाहरणांनी सैल केला, ते मान्य करतो. पण मराठीत अप्रत्यक्ष कथन नाही हे मला मान्य नाही. बातमीतलं वाक्य घ्या: ‘आपण राजीनामा देणार नसल्याचे त्यांनी स्पष्ट केले.’ हा ‘आपण’ कोण? बोलणारा स्वतः. आता मूळ बोलणं आठवा. तो माणूस ‘आपण राजीनामा देणार नाही’ म्हणाला असेल का? तो ‘मी’ म्हणाला असणार. म्हणजे हा ‘आपण’ त्याच्या तोंडचा नाही. बोलणं सांगणाऱ्याने तो घातला.

पाणवठा

शुद्धलेखक, याहून नेमका पुरावा मला देता आला नसता. असं सर्वनाम फक्त दुसऱ्याच्या बोलण्यात किंवा मनात शिरताना लागतं. ‘सुमन म्हणाली, की शेखरने आपल्याला फसवलं’ यात ‘आपल्याला’ म्हणजे सुमनला. ‘स्वतःला फसवलं’ म्हटलं तर शेखरने शेखरला. ‘तिला फसवलं’ म्हटलं तर सुमन किंवा दुसरी कुणी. म्हणून ‘की’ म्हणजे निव्वळ अवतरणचिन्ह, हे टिकत नाही.

अक्षरवेल, हा ‘आपण’ तुमच्याही कामाचा आहे, पण जपून. त्याला आणखी एक नोकरी आहे, तुम्ही-आम्ही मिळून सगळे. ‘शेखर आईला म्हणाला, की आपण उद्या जायचं नाही’ असं लिहिलंत तर बहुतेक वाचक शेखर आणि आई दोघांना धरतील. बातमीच्या भाषेत हा धोका कमी, घरगुती संवादात फार.

निळी_शाई

हा ‘आपण’ निवेदनात काय करतो ते दाखवल्याशिवाय मला राहवत नाही. अवतरण नाही, ‘की’ नाही, ‘म्हणाली’ही नाही, तरी खुंटा पात्राकडे जातो. आत्ता लिहून पाहिलेला तुकडा:

> सुमन पायरीवर बसली. आता कुठे जायचं? इथे तर आपलं असं कुणीच नव्हतं. उद्या सकाळी दादा येणार होता. तोवर ही रात्र काढायची होती.

सुमन तृतीयपुरुषात आहे आणि क्रियापदं भूतकाळात, म्हणजे सांगणारा बाहेर उभा आहे. पण ‘आता’ तिचं, ‘इथे’ तिचं, ‘आपलं’ तिचं, ‘उद्या’ तिचं, ‘ही रात्र’ तिची. ‘येणार’सुद्धा तिचंच, कारण दादा तिच्याकडे येणार आहे. आता शेवटच्या वाक्यात ‘ही’ऐवजी ‘ती रात्र’ लिहा. एका अक्षराने वाचक पायरीवरून उठतो आणि लांब जाऊन उभा राहतो.

मात्र ‘उद्या दादा येणार होता’ हे वाक्य एकटं दिलं तर फसवं आहे. साध्या बोलण्यात त्याचा अर्थ ‘यायचं ठरलं होतं, आता रद्द झालं’ असा होतो. सुमनच्या मनात वाचकाला आधी ‘आता कुठे जायचं?’ने आणून बसवलंय, म्हणूनच ‘उद्या’ तिच्या बाजूने लागतं. हा शिरकाव नसेल, तर दादा येणार नाही असंच वाचलं जातं.

वाटाड्या

निळी_शाई, ‘दादा तिथे आला’ लिहिलं तर? ‘तिथे’ लांबचं आणि ‘आला’ जवळचं. चूक धरायचं का?

निळी_शाई

चूक नाही. ‘ती तिथेच बसून राहिली. थोड्या वेळाने दादा तिथे आला’ हे अगदी सरळ मराठी आहे. जागा निवेदकापासून लांब, पण येणं सुमनच्या दिशेने. ‘ये’ दुसऱ्याची जागा उसनी घेऊ शकतो, तसा तो रोजच घेतो: फोनवर आपण ‘मी तुझ्याकडे येतो’ म्हणतो, ‘जातो’ नाही. उलट बाजू मात्र चालत नाही. ‘दादा इथे गेला’ हे, नकाशावर बोट ठेवलेलं नसेल तर, कानाला खटकतंच.

अक्षरवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. पाणवठ्यांनी दाखवलेलं शेपूट पुढे आणलं:

> काल रात्री शेखरने आईला फोन केला. ‘बाबांना सांग,’ तो म्हणाला, ‘मी उद्याचं येणं रद्द करतोय.’

‘सांग’ आधी आल्यामुळे ऐकणारी आई हे पहिल्या शब्दालाच ठरतं आणि ‘करतोय’ बहिणीचा असूच शकत नाही. दोन्ही खुणा ठेवल्या. चुकलेल्या वाचकाला फक्त ही दोन वाक्यं पाठवली आणि कोण येणार नाही ते विचारलं. ‘शेखर’ असं लगेच उत्तर आलं.

एक गोष्ट मात्र मला सोडवत नाही. मूळ वाक्यात मी ‘इथे येणार नाही’ लिहिलं होतं. शेखर फोनवर ‘तिथे येणार नाही’ म्हणाला असणार, कारण तो परगावी होता. म्हणजे माझ्या वाक्यात ‘मी’ शेखरचा होता आणि ‘इथे’ बहिणीचं. दोन खुंटे एकाच वाक्यात. हे चालतं का?

पाणवठा

माझ्या मते चालतं. ‘मी’ आणि ‘तू’ जितके घट्ट जोडलेले आहेत, तितकी जागा त्यांना जोडलेली नाही. घरी बसून आपण सहज म्हणतो, ‘तो म्हणाला, मी इथे येणार नाही.’ ‘उद्या’ मला जास्त हट्टी वाटतं. कालच्या फोनमधलं ‘उद्या’ बहुतेक लोक आज म्हणून ऐकतील, पण काही जण खरोखर येणारा उद्याही धरतील.

तळटीप

मला नाही पटत. माझ्या कानाला ‘मी इथे येणार नाही’मध्ये ‘इथे’ बहिणीचं झालं, की ‘मी’सुद्धा तिच्याकडे ओढला जातो. आणि दुसऱ्या वाचकाच्या बाबतीत नेमकं तेच झालं ना?

रेवा_दुभाषी

माझ्या नोंदींत दोन्ही प्रकार आहेत. ‘तो म्हणतो, मी इथे राहणार नाही’ हे वाक्य त्याच वॉर्डाबद्दल बोलताना नातेवाईकांकडून मी ऐकलंय आणि ‘मी’ कुणीच चुकीचा धरला नाही. पण तेव्हा रुग्ण समोर पलंगावर होता आणि सगळे त्याच्याकडेच बघत होते. कागदावर तो दिसत नाही. उद्या वॉर्डात कामाची पाळी आहे, यावेळी नीट ऐकून लिहून ठेवीन.